ड्यूटी लिस्ट बदलली आहे, कारण...

‘प्रशासकीय कारणास्तव येत्या सोमवारपासून ड्यूटीच्या वेळापत्रकात बदल करण्यात येत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.’ पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हा मेल नवा नाही. वर ही दोन वाक्यं, खाली एक्सेलची फाइल जोडलेली. वाचणारे ती दोन वाक्यं वाचतच नाहीत. सगळे थेट फाइल उघडतात, आपलं नाव शोधतात, रात्री मोजतात, रविवार मोजतात आणि मग शेजारणीच्या रात्री मोजतात. अर्ध्या तासात कारणं तयार होतात. कोणीतरी लाडकी आहे म्हणून तिला सकाळ मिळाली, कोणावर तरी राग काढलाय, माणसं कमी करणार आहेत त्याची ही पहिली पायरी आहे, वगैरे. खरं कारण बहुतेक वेळा यातल्या कशाहूनही साधं असतं. ते कोणी लिहिलेलं नसतं, एवढंच.

‘प्रशासकीय कारणास्तव’ हे कारण दिल्यासारखं वाटतं, पण त्यात कारण नसतं. अशा पोकळ कारणाचा लोकांवर किती परिणाम होतो, हे मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं होतं. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात झेरॉक्स मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘मला आधी प्रती काढू द्याल का?’ असं विचारायचं होतं. पाच पानांचा प्रश्न असताना ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ असं निरर्थक कारण दिलं, तरी घाईचं खरं कारण देण्याइतकाच होकार मिळाला. वीस पानं म्हटल्यावर मात्र चित्र पालटलं. पोकळ कारण देणाऱ्याला आणि काहीच कारण न देणाऱ्याला सारखाच, २४ टक्के होकार मिळाला. खरं कारण सांगणाऱ्याला ४२ टक्के. म्हणजे मागणी छोटी असते तोवर शब्दांवर भागतं, समोरच्याला खरंच काही सोडावं लागणार असेल तर तो कारण तपासून बघतो. महिन्याच्या आठ संध्याकाळी मागणं ही काही पाच पानांची गोष्ट नव्हे.

नेमकं उदाहरण घेतलं तर बोलणं सोपं जाईल. मध्यम आकाराच्या एका खासगी रुग्णालयातला तीस खाटांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड समजा. ड्यूट्या आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णालयांत असतात तशा: मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ, नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. वॉर्डात चौदा जणी आहेत, म्हणजे बारा सिस्टर आणि दोन ब्रदर. (वॉर्डातलं बोलणं ‘जणी’ धरूनच चालतं, ब्रदरनी ते केव्हाच मान्य केलेलं असतं.) आतापर्यंत मॉर्निंगला पाच, इव्हिनिंगला तीन आणि नाइटला दोन अशी मांडणी होती. रोज दहा जणी कामावर आणि दोघी साप्ताहिक सुट्टीवर. उरलेल्या दोन जागांत नाइट संपवून झोपायला गेलेल्या, रजेवर असलेल्या आणि आजारी पडलेल्या. इन्चार्ज सिस्टरची सगळी कसरत या दोन जागांवर चालते. बाहेरून बघणाऱ्याला ‘चौदा माणसं आहेत, दहाच लागतात, मग अडचण कसली?’ असं वाटतं, तेव्हा त्याच्या हिशेबातून या दोन जागा सुटलेल्या असतात.

आता या वॉर्डात एक गोष्ट बदलली. हाडांच्या शस्त्रक्रिया सकाळी व्हायच्या, त्या दुपारी होऊ लागल्या. शस्त्रक्रिया झालेला पेशंट पूर्वी दुपारी एकच्या सुमाराला ओटीतून वॉर्डात यायचा, तेव्हा पाच जणी हाताशी असत. आता पेशंट चार ते सातच्या दरम्यान येतात. ओटीतून आलेल्या पेशंटची नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन हे सगळं पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी आणि पुढे दर अर्ध्या तासाने बघून लिहायचं असतं. शिवाय ड्रेनमध्ये किती रक्त आलं, पायाची बोटं गरम आहेत का, ती हलतात का हेही बघायचं असतं. असे तीन पेशंट तासाभरात आले, तर त्या पहिल्या तासापुरत्याच बारा नोंदी. त्याच वेळी सहाची अँटिबायोटिक्स, आणि त्याच वेळी नातेवाइकांची भेटीची वेळ. तिघींना हे झेपत नाही. आणि झेपलं नाही की पहिल्यांदा काय मागे पडतं, तर पंधरा मिनिटांची नोंद. ती साडेसातला बसून एकदम चार ओळींत लिहिली जाते. चार्टवर एकाच शाईत, एकाच वळणात, जवळजवळ सारख्याच आकड्यांच्या चार नोंदी दिसल्या की अनुभवी मेट्रन काय ते समजते.

म्हणून निर्णय असा झाला, की सकाळची एक जण संध्याकाळी न्यायची. मॉर्निंग चार, इव्हिनिंग चार, नाइट दोन. एकूण दहाच. नवी भरती नाही, जास्तीचे तास नाहीत. कागदावर बदल किरकोळ दिसतो. प्रत्येकीच्या वाट्याला मात्र चार आठवड्यांत साधारण सहाऐवजी आठ इव्हिनिंग आणि दहाऐवजी आठ मॉर्निंग येतात. नाइट चार होत्या, चारच राहतात. मुलांची शाळा दुपारी सुटते त्यांना आणि रात्री साडेआठनंतर ज्यांच्या गावाकडे एसटी नाही त्यांना या दोन इव्हिनिंग जड जाणार. हे मेलमध्ये लिहायचं की नाही, इथं बरेच व्यवस्थापक अडखळतात. कशाला आपणहून दाखवून द्या, असा विचार असतो. पण फाइल उघडल्यावर पाच मिनिटांत प्रत्येकीने तो हिशेब केलेलाच असतो. मेलने तो लपवला तर मेलमधल्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयात जातात.

मेल असा लिहिता येईल:

*विषय: वॉर्ड ३, सोमवार ६ जुलैपासून मॉर्निंगला ४ आणि इव्हिनिंगला ४*

*सर्व सिस्टर आणि ब्रदर,*

*सोमवार ६ जुलैपासून आपल्या वॉर्डात मॉर्निंगला पाचऐवजी चार जणी आणि इव्हिनिंगला तीनऐवजी चार जणी असतील. नाइटला पूर्वीसारख्याच दोघी. ड्यूटीच्या वेळा बदललेल्या नाहीत.*

*ऑर्थोच्या शस्त्रक्रिया आता दुपारी होतात, त्यामुळे ओटीतले पेशंट चार ते सातमध्ये वॉर्डात येतात. सहाची इंजेक्शनं आणि भेटीची वेळही तेव्हाच असते. तिघींत हे होत नाही, असं तुमच्यापैकी काही जणींनी ओव्हरच्या वहीत लिहिलं होतं, ते बरोबर आहे. ओटीची वेळ बदलता येईल का हे आधी विचारलं. सर्जन सकाळी दुसरीकडे असल्यामुळे ते सध्या शक्य नाही.*

*यामुळे चार आठवड्यांत प्रत्येकीला साधारण दोन इव्हिनिंग जास्त येतील आणि दोन मॉर्निंग कमी. संध्याकाळी ज्यांना घरी असावं लागतं त्यांची अडचण होणार आहे. सकाळी एक हात कमी होतो, म्हणून डिस्चार्जची फाइल बिलिंगला नेणं आणि लॅबमधून रिपोर्ट आणणं ही कामं ६ जुलैपासून वॉर्ड क्लार्क करतील.*

*ही मांडणी दोन तक्त्यांपुरती, म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत आहे. पहिला तक्ता संपल्यावर मंगळवार ४ ऑगस्टला दुपारी दोनला, ओव्हर झाल्यावर, वॉर्डात बसून बोलू.*

*ड्यूटी बदलून हवी असेल, तर त्याच तक्त्यात परतफेड करणारी जोडीदार स्वतः शोधा. बोर्डाशेजारच्या वहीत तारीख, ड्यूटी आणि दोघींची नावं एका ओळीत लिहून दोघींनी सही करा. आदल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत लिहिलेली ओळ इन्चार्ज सिस्टर संध्याकाळी सहाच्या आत मंजूर करतील किंवा का जमत नाही ते तिथेच लिहितील. कारण सांगायची गरज नाही. बोर्डावरच्या तक्त्यात लाल पेनने बदल होईपर्यंत मूळ ड्यूटी जिची, जबाबदारी तिची.*

*तक्ता सोबत जोडला आहे. काही चुकलं असेल तर २२ जूनपर्यंत सांगा.*

या मेलवर तारीख असेल १५ जूनची. तीन आठवडे आधी, हे उगाच नाही. पाळ्यांची पद्धत किंवा कामाचे तासच बदलायचे असतील, तर १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसच आहेत. आपल्या वॉर्डात वेळा त्याच आहेत, फक्त माणसांची वाटणी बदलते आहे. तरी तीन आठवडे हे माप धरायला हरकत नाही. पाळणाघराची वेळ बदलायला, शेजारच्या काकूंना विचारायला, घरच्यांच्या पाळ्या जुळवायला तेवढे दिवस लागतातच. गुरुवारी मेल आणि सोमवारी अंमल असं केलं, की सोमवारी दोन जणी आजारी पडतात.

मेलमधलं एक वाक्य मला विशेष कामाचं वाटतं. ‘ओटीची वेळ बदलता येईल का हे आधी विचारलं.’ नुसत्या कारणाने ‘मग दुसरा उपाय का नाही केला?’ हा प्रश्न मिटत नाही. कोणता पर्याय बघितला आणि तो का सोडला, हे एका ओळीत सांगितलं की चहाच्या टेबलावरचा निम्मा वाद तिथेच संपतो. उरलेल्या निम्म्यासाठी ४ ऑगस्टची बैठक आहे. ती खरंच झाली पाहिजे. न झालेल्या एका बैठकीमुळे पुढचे सगळे मेल पुन्हा ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’च्या किमतीचे होतात.

आता अदलाबदल. बहुतेक ठिकाणी ती आधीपासून चालूच असते, फक्त तोंडी. ‘तू माझी शुक्रवारची इव्हिनिंग कर, मी तुझा रविवार करते.’ फोनवर ठरतं, इन्चार्जला कोणीतरी जाता जाता सांगतं, ती ‘बरं’ म्हणते आणि दुसऱ्या पेशंटकडे वळते. शुक्रवारी दोनला एकतर दोघी येतात किंवा एकही येत नाही. भांडण झालं की प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये तक्त्याचा फोटो असतो, आणि प्रत्येक फोटो वेगळ्या दिवशी काढलेला असतो. म्हणून खरा तक्ता एकच असायला हवा, बोर्डावरचा, आणि त्याच्या डोक्यावर तो कोणत्या तारखेला शेवटचा बदलला हे लिहिलेलं हवं. वही की गूगल शीट, हा प्रश्न दुय्यम आहे. ड्यूटीवर मोबाइल कपाटात ठेवायचा नियम जिथे आहे, तिथे दोऱ्याला पेन बांधलेली वही जास्त चालते.

मंजुरी देताना इन्चार्जने काय बघायचं? ती जर प्रत्येक वेळी ‘का हवं?’ विचारू लागली, तर ज्यांना खरं कारण सांगायचं नाही त्या वही सोडून आजारपणाची रजा टाकतात. सासूची तपासणी, मुलाची परीक्षा, नुसता कंटाळा, काहीही असो, ते त्या दोघींमधलं. इन्चार्जने तीनच गोष्टी पाहायच्या: ड्यूटीवर पुरेसा अनुभव उरतो का, दोघींना मध्ये विश्रांती मिळते का आणि तास जुळतात का.

अनुभवाचं सोपं आहे. इव्हिनिंगच्या चौघींत ओटीतून आलेला पेशंट एकटीने सांभाळू शकेल अशी किमान एक सीनियर हवी. सीनियरच्या जागी सहा महिन्यांपूर्वी लागलेली सिस्टर येत असेल, तर उरलेल्या तिघींत कोण आहे ते बघायचं. तक्त्यात सीनियरच्या नावाखाली रेघ मारून ठेवली की हे एका नजरेत कळतं.

विश्रांतीचं मात्र फसवं आहे, कारण तक्ता दिवसांचा असतो आणि थकवा तासांचा. समजा, एका सिस्टरला शुक्रवारी संध्याकाळी भावाच्या हळदीला जायचं आहे. तिची त्या दिवशी इव्हिनिंग आहे. ती तक्त्यावर बोट फिरवते आणि शुक्रवारच्या रकान्यात जिच्यापुढे काहीच ड्यूटी नाही अशी मैत्रीण शोधते. मैत्रीण ‘हो’ म्हणते. दोघी सही करतात. आता त्या मैत्रिणीची ओळ मागे वाचा: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार नाइट, शुक्रवारी ‘स्लीपिंग ऑफ’, शनिवारी ऑफ. गुरुवारची नाइट शुक्रवारी सकाळी आठला संपते. ओव्हर देऊन, घरी पोचून, आंघोळ करून डोळा लागेपर्यंत दहा वाजतात, आणि एकला पुन्हा निघायचं. चौथ्या रात्रीनंतर तीन तासांची झोप घेऊन ती ओटीतल्या पेशंटचा रक्तदाब बघणार. ही ओळ नामंजूर. पण नुसतं ‘नाही’ लिहायचं नाही, ‘नाइटनंतर सहाच तास मिळतात, शनिवारी मॉर्निंग नसलेली दुसरी चालेल’ असं लिहायचं, म्हणजे ती दुसरी जोडीदार शोधू शकते.

दोन ड्यूट्यांमध्ये किती तास हवेत? युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती ठरवून दिली आहे. नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी तिथल्या नर्सेसचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांच्या ड्यूट्यांमध्ये ११ तासांहून कमी अंतर वारंवार पडत होतं त्यांच्यात निद्रानाशाच्या आणि दिवसाच्या पेंगेच्या तक्रारी जास्त आढळल्या. आपल्या वॉर्डात इव्हिनिंग आठला संपते आणि दुसऱ्या दिवशीची मॉर्निंग आठला सुरू होते. कागदावर बारा तास. ओव्हर देऊन वॉर्डातून निघायला पाऊण तास लागतो, सकाळी ओव्हर घ्यायला पंधरा मिनिटं आधी यावं लागतं. उरतात ते बरोबर अकरा, आणि जाण्या-येण्याचा प्रवास त्यातूनच वजा. म्हणून इव्हिनिंगनंतर मॉर्निंग एखाद्या वेळी चालेल, सलग दोनदा नको. वरच्या उदाहरणात ‘शनिवारी मॉर्निंग नसलेली’ हे त्यासाठीच.

सुट्टीच्या बाबतीतही हाच घोळ होतो. नाइट संपवून सकाळी घरी जाणारीच्या नावापुढे त्या दिवशी ‘ऑफ’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठची ड्यूटी दिली, तर ती सुट्टी झाली का? १९४८च्या कारखाना कायद्यातल्या कलम ५७ने रात्रपाळीसाठी सुट्टीची व्याख्या अशी केली होती: पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास. रुग्णालय काही कारखाना नव्हे, पण त्या मोजमापाने बघितलं तरी हे जेमतेम बसतं. त्या चोवीस तासांतला दिवस झोपेत जातो आणि रात्र पुढच्या ड्यूटीच्या तयारीत. म्हणून आमच्या काल्पनिक वॉर्डात झोपेचा दिवस वेगळा आणि ऑफ वेगळा धरला आहे. अदलाबदलीत झोपेच्या दिवसाला कोणी हात लावायचा नाही, ज्याचा आहे त्यानेसुद्धा. नियम एवढाच ठेवला तरी नको त्या अदलाबदली बऱ्याचशा आपोआप गळतात.

राहिले तास. मॉर्निंग सहा तासांची, नाइट बारा तासांची. मॉर्निंग देऊन नाइट घेतली तर एकीचे सहा तास वाढतात, दुसरीचे घटतात, आणि नाइट अलाउन्स कोणाला हा प्रश्न पगाराच्या दिवशी उभा राहतो. त्यापेक्षा नाइटला नाइट, नाहीतर एका नाइटला दोन छोट्या ड्यूट्या, असा सरळ हिशेब ठेवावा. अलाउन्स जी प्रत्यक्ष नाइट करेल तिचा. ‘त्याच तक्त्यात परतफेड’ ही अटही याचसाठी. तीन महिन्यांपूर्वीच्या उसन्या रविवारांवरून झालेली अबोल्यांची प्रकरणं कोणत्याही जुन्या वॉर्डात ऐकायला मिळतात.

गौरी-गणपतीत, दिवाळीच्या पाडव्याला, ईदेला किंवा नाताळच्या आदल्या रात्री ही वही फारशी कामाची नाही, कारण सगळ्यांना तोच दिवस हवा असतो आणि बदलून द्यायला कोणी नसतं. त्या दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीला वेगळी करावी आणि गेल्या वर्षी कोणी कोणता सण वॉर्डात काढला हे तिच्यात लिहावं. इथे अदलाबदलीच्या भरवशावर राहिलं, की सीनियर घरी आणि नव्या मुली कामावर असं होतं.

४ ऑगस्टला बसताना इन्चार्जने मतं ऐकण्याआधी वही उघडावी. चार आठवड्यांतल्या ओळी ड्यूटीनुसार मोजल्या, की तक्त्यात काय चुकलंय ते दिसतं. अदलाबदली सगळीकडे विखुरलेल्या असतील, तर ती लोकांच्या घरची कामं आहेत. पण वीसेक ओळींपैकी बारा शनिवारच्या इव्हिनिंगच्या निघाल्या, तर शनिवारी रात्री घरी जायला गाडी मिळत नाही किंवा त्या दिवशी ओटीची यादी लांबते, असं काहीतरी आहे आणि ते विचारायला हवं. एकच सिस्टर दर वेळी देणारी आणि कधीच न घेणारी दिसली, तर तिला बाजूला घेऊन विचारावं, ती हे खुशीने करते आहे की तिला नाही म्हणता येत नाही. आणि वही कोरीच राहिली असेल, तर सगळं आलबेल आहे असं धरू नये. आधी त्या महिन्याच्या आजारपणाच्या रजा बघाव्यात.